न दाखवलेल्या दुरुस्त्या

रायपूरच्या समता कॉलोनीत दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. चार टेबलं, मालकांची काचेची केबिन आणि सतत फाइलींच्या वासानं भरलेली एक खोली. धमतरी, महासमुंद, कधी ओडिशाकडूनही लोक आजारी माणसाचे कागद घेऊन येत. ते कागद तारखेप्रमाणे लावायचे, त्यांचा दोन पानांचा इंग्रजी सारांश करायचा आणि परदेशातल्या डॉक्टरांकडे दुसऱ्या मतासाठी पाठवायचा, हे आमचं काम. आजाराचा भाग एक डॉक्टर लिहायचे. आजारी माणसाचं काय काय झालं, कधी, कुठे, घरचे काय सांगतात, हा भाग ऑफिसात सगळे ज्यांना काका म्हणत ते लिहायचे. काकांचं लिखाण वाचून परदेशी वाचणाऱ्याला कळेल असं करणं माझ्याकडे होतं.

काका रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील गँगमन होते. घरात इंग्रजी वाचणारे काका पहिले. ती इंग्रजी त्यांनी कचेरीतल्या जुन्या पत्रव्यवहारातून उचलली होती, एकेक वाक्य पाठ करून. फोनवर मात्र ते छत्तीसगढी बोलायचे आणि पलीकडचा माणूस पाच मिनिटांत मोकळा व्हायचा. "हव, हव, बता ना," असं म्हणत ते अर्धा तास ऐकत. बाईनं किती दिवस ताप अंगावर काढला, कोणत्या वैद्याची पुडी घेतली, हे डॉक्टरांना न सांगितलेलं सगळं त्यांना कळायचं.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. बोलणं मला जमत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि तिन्हींत मी गप्प. काका मराठीत विचारत, मी हिंदीत उत्तर द्यायचे.

"काय कॉन्व्हेंटवाली, आज आवाज घरीच ठेवून आली काय?"

"नहीं काका."

"दोन शब्द बोलली. आज पाऊस येते बघ."

त्यांच्या मसुद्यात नेहमीची वाक्यं असत. घरच्यांशी 'डिस्कस्ड अबाउट' केलं. मुलगा 'आउट ऑफ स्टेशन' होता. ऑपरेशन 'प्रीपोन' केलं. रिपोर्ट आला की आम्ही 'रिव्हर्ट' करू. 'काइंडली डू द नीडफुल.' रायपूरच्या कोणत्याही कचेरीत हे कुणाला खटकलं नसतं, माझ्या वडिलांनाही नाही. पण वाचणारा परदेशातला होता. म्हणून मुलगा 'गावाबाहेर होता', ऑपरेशन 'सहा दिवस आधी घेतलं', रिपोर्ट आल्यावर आम्ही 'कळवू', असं मी साध्या इंग्रजीत करायचे. तारीख नसली तर कागदांतून शोधून घालायचे. एका फाइलीत तीस-चाळीस दुरुस्त्या सहज व्हायच्या.

नियम असा होता की प्रत्येक दुरुस्ती लाल रंगात दिसत राहावी, फाइल आधी लिहिणाऱ्याकडे परत जावी, त्यानं पाहावी आणि मग ती पुढे जावी. ऑफिस सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात काकांची पहिली फाइल आली, तेव्हा मी तसंच करणार होते. त्याच दिवशी दुपारच्या चहाला काका सहज सांगत बसले होते. रेल्वेत त्यांचा एक साहेब होता. काकांची टिपणी तो लाल शाईनं रंगवायचा आणि पट्टेवाल्याच्या हाती न देता हॉलमधून काकांना स्वतः बोलवायचा. सगळ्यांसमोर एकेक शब्द वाचायचा. "म्हणे, तुमच्या लोकायले कोटा भेटते, भाषा नाही भेटत." काका हे हसत सांगत होते. कुणीच हसलं नाही.

चहा संपवून मी टेबलावर आले. त्यांची फाइल उघडली, सगळ्या दुरुस्त्या मंजूर केल्या, लाल रंग गेला. ती स्वच्छ फाइल मी थेट 'फायनल'च्या फोल्डरमध्ये टाकली. काकांना परत पाठवलीच नाही.

पुढचे सात महिने मी तेच केलं. परत आली नाही म्हणजे फाइलीत चूक नाही, असं काका धरून चालले, आणि फायनल ते कधी उघडून पाहत नसत. एकदा कागद जावकात चढला की तो आपला राहिला नाही, ही त्यांची जुनी शिस्त. मूळ मसुदे मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवत गेले. कधीतरी एक-एक करून त्यांना सांगीन, असं मनात होतं. एकदा सुरुवातही केली होती.

"काका, वो प्रीपोन जो है ना..."

"हव?"

"वहाँ के लोग शायद नहीं समझते."

"अवं, पोस्टपोन समजते तर प्रीपोन काहून नाही समजन? अन् आजवर कोणी विचारलं काय?"

कुणी विचारलं नव्हतं, कारण त्यांच्यापर्यंत तो शब्द जातच नव्हता. मी मान हलवली आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहू लागले. त्या संध्याकाळी काकांनी मला खारे दाणे दिले. नातीला शाळेत 'माझे आजोबा' लिहायला दिलं होतं, तिनं लिहिलं होतं की माझे आजोबा फॉरेनच्या डॉक्टरांना पत्रं लिहितात. ते काकांनी मला तीनदा सांगितलं.

मग चुलतभावाच्या लग्नाला मी आठ दिवस नागपूरला गेले. माझ्या जागी तोवर कोण वाचणार, असं मी मालकांना विचारलं.

"काका का काम तो वैसे भी साफ रहता है," मालक म्हणाले. "सीधा भेज देंगे. तुम आराम से जाओ."

मी केबिनमध्ये उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. बाहेर काका फोनवर कुणाला तरी धीर देत होते, त्यांचा आवाज काचेतून येत होता. मी "जी सर" म्हटलं आणि आले.

परत आले तेव्हा तीन फाइली परदेशातून प्रश्नांसह परत आल्या होत्या. एकीत विचारलं होतं, रिव्हर्ट म्हणजे तुम्ही पेशंटला जुन्या औषधावर परत नेणार आहात का? दुसरीत जवळपास प्रत्येक परिच्छेदासमोर प्रश्नचिन्ह. तिसरी धमतरीच्या एका बाईची होती. पोटातली गाठ काढलेली, पुढचे उपचार कोणते द्यायचे हे विचारायचं होतं. काकांनी लिहिलं होतं की मुलगा आउट ऑफ स्टेशन जाणार असल्यानं ऑपरेशन प्रीपोन केलं. तारीख नव्हती. तिकडच्या वाचणाऱ्यानं ते पुढे ढकललं असं धरलं. मग स्कॅन आणि ऑपरेशनचा क्रम त्याला लागेना. स्टेशन म्हणजे कोणता विभाग, उशीर का केला, उशिराच्या काळात गाठ वाढली का, सगळं नव्यानं विचारलं होतं. उत्तर मिळेपर्यंत फाइल रांगेच्या शेवटी. बाईचा मुलगा रोज फोन करत होता, आणि उत्तर येईल असं काका रोज त्याला सांगत होते, "आ जाही बेटा, आ जाही."

मालकांनी मला बोलावलं. "ये पहले कभी नहीं हुआ. तुम क्या-क्या ठीक करती थीं?"

"थोडा-थोडा, सर."

"पुराने ड्राफ्ट हैं?"

नाही म्हणता आलं असतं. फोल्डर फक्त मला माहीत होता. पण मला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय आहे, न विचारलेलं सांगायची नाही. मी हो म्हटलं.

मालकांनी मूळ आणि फायनल फाइली शेजारी लावून तुलना काढली आणि छापली. प्रिंटर बराच वेळ चालला. सात महिन्यांची सगळी नाही, पण गठ्ठा झाला. पानं लालच लाल. मग काकांना आत बोलावलं. मी टेबलावरून पाहत होते. ते उभेच राहिले. एकेक पान उलटत गेले, घाई न करता, जुनी फाइल तपासावी तसे. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. एका पानावर बराच वेळ थांबले.

मालक वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "काका, आप फोन सँभालिए. लिखना हम किसी और से करा लेंगे. घरवाले तो आप ही से बात करते हैं."

काका म्हणाले, "नहीं साहब." एवढंच मला ऐकू आलं.

बाहेर येऊन त्यांनी डबा, बाटली आणि पेन पिशवीत टाकलं. शेजारच्या टेबलावरची दीदी म्हणाली, "काका, बैठो ना, चाय मँगाती हूँ." त्यांनी हातानं नको म्हटलं. मग माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही.

"तुले सात महिन्यांपासून माहीत होतं?"

मी मान हलवली.

"काहून नाही सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," मी म्हटलं. त्यांच्याशी मराठीत बोललेलं ते माझं पहिलं पूर्ण वाक्य असावं.

"वाटलंच असतं. चार दिवस वाटलं असतं." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "तो साहेब शिव्या देत होता, पण कागद माझ्या हातात देत होता. तिथंच शिकलो मी, जे काही शिकलो ते. तुनं तर मले कागदच नाही देल्ला."

"काका, सॉरी."

"मले शिकता येते का नाही, हे तुनं एकटीनंच ठरवून टाकलं." मग ते जरा मऊ झाले, ते मला जास्त लागलं. "जाऊ दे. पोट्टी आहेस. पण धमतरीच्या बाईचं लवकर कर. तिच्या पोराले आज सांगतो म्हटलं होतं मी."

ते जिना उतरून गेले. खाली दातांच्या दवाखान्यात कुणीतरी रडत होतं.

दुपारी धमतरीचा फोन माझ्याकडे आला. "काका को दीजिए," मुलगा म्हणाला. काका आता इथे नाहीत, असं मी सांगितलं. तो मग म्हणाला, "उनको तो सब मालूम था."

माझ्यासमोर ते प्रश्न होते आणि काकांच्या मसुद्यात किंवा बाईच्या कागदांत त्यांची उत्तरं नव्हती. ती त्यांच्या डोक्यात होती, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फोनांमधली. मी वही उघडली आणि विचारलं, ऑपरेशनची पहिली तारीख कोणती ठरली होती?

"मैडम, ये सब तो बता चुके हैं."

"जी. एक बार फिर बता दीजिए."

त्यानं तारीख सांगितली, मग दुसरी सांगितली, मग म्हणाला पहिली चुकली. ती स्कॅनच्या आधी ठरली की नंतर, हे त्याला आठवेना. काकांनी त्याला काय विचारून आठवण करून दिली असती, मला माहीत नव्हतं. पलीकडे बाई खोकत होती आणि विचारत होती, कोन हे, काका हे का? मी वहीत दोन्ही तारखा लिहिल्या, मध्ये जागा सोडली आणि पुढचा प्रश्न विचारला.