पुढे ढकललेली सभा आणि माझ्या भावाची वेळ

आमची संघटना डायलिसिसवर असलेल्यांची. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतले रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं, एवढेच सभासद. माझा धाकटा भाऊ तुयेच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्या किडन्या गेल्या, तो सभासद झाला आणि मी त्याच्यामागून सहचिटणीस. चिटणीस होत्या आमच्या ताई. त्या स्वतः मशीनवर असायच्या, मंगळवार, गुरुवार, शनिवार.

त्या वर्षी वार्षिक सभेला प्रत्यारोपणाचे डॉक्टर येणार होते. सभा झाल्यावर ते मोजक्या लोकांचे रिपोर्ट बघणार होते. नोंदणी सुरू झाली आणि बघता बघता सगळ्या वेळा भरल्या. उरलेले प्रतीक्षा यादीत गेले, आणि माझा भाऊ त्या यादीत दुसरा. मी त्याला किडनी द्यायला तयार होते, रक्तगटही जुळत होता, पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते सांगणारा माणूस हाच एक. मला ती वेळ हवी होती. लाज कसली त्यात!

मग पंचायतीची निवडणूक लागली आणि हॉल मतदानाला गेला. सभा पुढे ढकलणं आलं. आमचे अध्यक्ष सज्जन, पण घरात कोणी आजारी नाही. ते म्हणाले, "शनिवारी ठेवूया, लोकांना सुटी असते."

ताईंनी शांतपणे विचारलं, "आणि आम्ही अर्धे सभासद मशीनवरून उठून यायचं?"

अध्यक्षांनी जीभ चावली. डॉक्टरांना फोन झाला आणि रविवार ठरला. सभासदांना पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, की जुनी नोंदणी रद्द, सर्वांनी नव्याने नोंदणी करावी. मोबाईलवर फॉर्म उघडला की पहिला नंबर भावाचा लावीन, हा माझा सरळ हिशेब होता. ताईंना मी तो लपवलाही नाही.

त्या कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसल्या आणि माझ्या वाक्यावर काट मारली. "गो बाय, त्यांनी आपलं काम केलंय. तारीख आपण बदलली, तर धावपळ आपण करायची. मुळगावातल्या त्या बाईने पोराला पाठवून नाव घातलंय, ती परत कोणाच्या मोबाईलवर घालणार?"

"आणि माझा भाऊ?"

"तो यादीत दुसरा आहे. दुसराच राहील."

अशी चीड आली म्हणून सांगू! पण पत्र त्यांनी सुंदर लिहिलं. आधी अडचणीबद्दल क्षमा, मग नवी तारीख, हॉल आणि वेळ तीच. पुढे लिहिलं होतं: आपली नोंदणी कायम आहे, पुन्हा काही करायची गरज नाही. डॉक्टरांकडची आपली वेळ तीच, गाडी जिथे थांबणार होती तिथेच थांबेल, बिनमिठाचं जेवण सांगितलं असेल तर तेही धरलेलं आहे. ज्यांना नव्या तारखेला जमणार नाही त्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवावं, म्हणजे त्यांची वेळ प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला क्रमाने देता येईल. पत्र टपालानेही गेलं आणि मोबाईलवरही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ताईंनी मशीनवर पडल्या पडल्या, मोकळ्या हाताने फोन लावले.

एकाच्या गावची जत्रा त्याच रविवारी आली. त्याने कळवलं, आणि ती वेळ यादीतल्या पहिल्याला, तेरेखोलच्या एका गृहस्थांना गेली. आता भाऊ पहिला. मी रोज मोबाईल बघायचे, पण कोणीच नाही म्हणेना.

शुक्रवारी दुपारी मला ताईंचा संदेश आला. स्वतः चिटणीस असूनही, पत्रात सांगितलं होतं तसाच रीतसर: "मला नव्या तारखेला येता येणार नाही. माझी डॉक्टरांकडची वेळ यादीतल्या पुढच्याला द्यावी."

मी ताबडतोब फोन लावला. त्यांच्या हाताच्या फिस्टुलात गुठळी झाली होती. मशीनची सुई जिथे लावायची ती शीरच बंद, म्हणून त्या हॉस्पिटलात भरती होत्या. मला रडूच फुटलं.

"रडतेस कित्याक? पुढचा कोण आहे ते मी यादीत बघितलंय. त्याचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लाव, नाहीतर तिथे शोधत बसशील."

अशी बाई मी दुसरी बघितली नाही.

रविवारी डॉक्टरांनी ताईंच्या वेळेला भावाचे रिपोर्ट बघितले, मग माझे. म्हणाले, बाकीच्या तपासण्या सुरू करूया. आम्ही दोघं सरळ हॉस्पिटलात गेलो. मशीनसाठी ताईंच्या मानेत नळी घातलेली होती, बोलताना धाप लागत होती. सगळं ऐकून त्या हसल्या.

"पुढच्या वर्षीच्या सभेला माझं नाव आताच घाल. डॉक्टरांची वेळ पण."

पुढच्या वर्षीची नोंदणी उघडलेली नव्हती. तारीख नव्हती, हॉल नव्हता, डॉक्टर येतील की नाही तेही ठाऊक नव्हतं. मी त्यांच्यासमोरच एका कोऱ्या कागदावर पहिलं नाव त्यांचं लिहिलं.