तिघांचा केक

मला स्वस्थ बसता येत नाही. वर्गात फळ्यासमोर येरझाऱ्या घालते आणि घरी स्वयंपाकघरात. घरात कुणी गप्प बसलं की मला काहीतरी करावंसं वाटतं. आणि त्या वर्षी आमच्या घरात एक मुलगी फारच गप्प बसलेली होती.

ती माझ्या धाकट्या भावाची लेक. माझी भावजय आजारपणात गेली, आणि गावी, कळसच्या घरी भाऊ आणि ही दहा वर्षांची पोर एवढीच उरली. उसाला पाणी द्यायची त्याची पाळी बहुतेक रात्रीची, तेव्हा पोर घरात एकटी. म्हणून जूनमध्ये तो तिला बारामतीला माझ्याकडे घेऊन आला. जाताना दारात मला म्हणाला, "आक्का, दिवाळीपतूर बघू. रमली तर ऱ्हाऊ दे. न्हाय रमली तर मी नेतो, मग कसं बी करीन."

रमली की नाही, हे कळायचं कसं? विचारलं की ती एकच सांगायची, "बरं हाय." जेवण कसं झालंय? बरं हाय. शाळा? बरं हाय. दर रविवारी भाऊ फोनवर विचारायचा आणि मीही तेच सांगायचे. मग फोन ठेवून उगाचच ओटा पुसत बसायचे.

माझी दोन मुलं मात्र तिच्या अगदी उलट. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची, आणि खाण्याच्या बाबतीत दोघंही वकील. त्यांच्यासाठी आमच्या घरात एक नियम होता: एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं. मी कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे या नियमाचा मला जरा जास्तच अभिमान. कापणाऱ्याला माहीत असतं की उरलेला तुकडा आपल्यालाच मिळणार, म्हणून तो सुरी धरून श्वास रोखतो आणि आपल्या नजरेला पटतील असे दोन सारखे तुकडे करतो. उचलणाऱ्याला जो आवडेल तो मिळतो. भांडायला जागाच उरत नाही. पेढ्यापासून पिझ्झ्यापर्यंत सगळं या नियमानं सुरळीत चाललं होतं.

ती आली आणि दोनाचे तीन झाले.

जुलैत मुलाचा वाढदिवस आला. अर्धा किलोचा केक. एका बाजूला चॉकलेटच्या किसाचा ढीग, बाकी साधं क्रीम. मी फार विचार न करता जुनाच नियम लांबवला. मुलीनं तीन तुकडे करायचे, मुलानं आधी उचलायचं, मग भाचीनं, आणि उरलेला मुलीचा. मुलीनं जीभ बाहेर काढून कापलं. चॉकलेटचा एक लहान तुकडा आणि साधे दोन मोठे. तिच्या लेखी तिन्ही सारखे होते. मुलानं झटकन चॉकलेटचा उचलला. भाची उरलेल्या दोन तुकड्यांकडे बघत राहिली.

"तुला कुठला?" मी विचारलं.

"कोणचा बी चालंल."

तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कापणारी सुरक्षित, कारण तिला तिन्ही सारखेच वाटतात. पहिला उचलणारा सुरक्षित, त्याला हवा तो मिळतो. मधल्याचं काय? भाचीलाही चॉकलेटच आवडत असेल, तर उरलेले दोन्ही तुकडे तिच्या लेखी तिसऱ्या हिश्श्याहून कमी भरणार. म्हणजे माझ्या लाडक्या नियमानं तिघांपैकी एकीलाच उघड्यावर टाकलं होतं, आणि तीही नेमकी हीच. त्या दिवशी मी धड जेवले नाही. नवरा म्हणाला, "केक संपला आहे. तूही संपव आता."

मी संपवणार थोडीच. तिघांत वाटायच्या रीती मी कॉलेजात असताना वाचल्या होत्या, त्यातली एक आठवली आणि मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. आधी दोघांनी जुन्याच नियमानं अर्धं-अर्धं करून घ्यायचं. मग दोघांनी आपापल्या अर्ध्याचे तीन-तीन सारखे तुकडे करायचे. तिसऱ्यानं दोघांकडून एकेक तुकडा निवडायचा. ज्यांनी कापलं त्यांच्याकडे अर्ध्यातले दोन तृतीयांश राहतात, म्हणजे संपूर्ण केकचा तिसरा हिस्सा. निवडणाऱ्याला प्रत्येक अर्ध्यातला त्याच्या लेखी सर्वांत चांगला तुकडा मिळतो, म्हणून त्याचाही हिस्सा तिसऱ्या भागाहून कमी होत नाही. कागदावर यात कुठंही खोट नाही.

गणपतीत नवऱ्यानं भिगवण रोडवरच्या बेकरीतून केक आणला, तेव्हा ही रीत लावली. माझ्या मुलांनी अर्धं-अर्धं केलं, तीन-तीन तुकडे पाडले. मग मी भाचीला म्हटलं, "आता तू घे. दोघांकडून एकेक. तुला आवडेल तो."

ती रिकामी ताटली घेऊन आधी मुलासमोर उभी राहिली, मग मुलीसमोर. दोन्ही ठिकाणी तिनं सगळ्यात लहान तुकडा घेतला. मागायला आल्यासारखी उभी होती ती. आधी घरातल्या दोघांचं वाटून झालं, मग मागून आलेलीला दोघांच्या ताटातून एकेक. हिशेब चोख होता आणि त्याची मला लाज वाटली. त्या रीतीनं मी पुन्हा कधीच केक कापला नाही.

मला अशी रीत हवी होती की ज्यात कुणी आधीचं नाही, कुणी मागून आलेलं नाही. तशी एक आहे. मी सुरी केकच्या डाव्या टोकावर धरायची आणि हळूहळू उजवीकडे सरकवत न्यायची. डावीकडचा भाग आपल्या लेखी तिसरा हिस्सा झाला असं ज्याला वाटेल, त्यानं 'थांब' म्हणायचं. जो आधी म्हणेल त्याचा तो तुकडा. जे गप्प राहिले, त्यांच्या लेखी तो तुकडा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नव्हता, म्हणजे उरलेल्यात त्यांचे दोन हिस्से शाबूत आहेत. मग त्या दोघांसाठी सुरी पुन्हा पुढं निघते, आता अर्ध्याला थांबायची. चारजण असले तरी हेच, फक्त चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात. उगाच घाई केली तर कमी मिळतं, हाव धरली तर दुसरा घेऊन जातो.

दसऱ्याला करून बघितलं. मुलं डोळे बारीक करून सुरीकडे बघत होती. सुरी दोन बोटंसुद्धा सरकली नसेल, तोच भाची म्हणाली, "थांब."

नखाएवढा काप. नुसतं कडेचं क्रीम.

"एवढंच हवंय तुला?" मी विचारलं.

"व्हय. बरं हाय की."

मला राग आला. तिचा, माझा, त्या केकचा. मी सुरी ओट्यावर आपटली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. नवरा मागून आला. "तू तिला केक खाऊ घालतेयस की तिची परीक्षा घेतेयस?" तो म्हणाला. मी त्याच्याशी भांडले, कारण तो बरोबर होता. जगातली कुठलीही रीत दुसऱ्याच्या लबाडीपासून माणसाला वाचवते. आपणहून कमी घेणाऱ्याला ती वाचवू शकत नाही. त्या पोरीला वाटत होतं की या घरात कमी खाल्लं, कमी जागा व्यापली, तर तिला राहू देतील. हे मला त्या गॅलरीत कळलं, आणि त्यावर काय करायचं ते मात्र कळलं नाही. त्या रविवारी भावाला मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. म्हटलं, "नाही रमली रे."

तो मग म्हणाला, "मग येतो दिवाळीच्या आदी. घिऊन जातो."

तो आला तो मोटारसायकलवरून, हँडलला केकचा खोका अडकवून. भिगवणला थांबून घेतला म्हणाला. रस्त्याच्या खड्ड्यांनी केक एका अंगाला कलला होता, पण त्याच्यावरचा गुलाबी क्रीमचा गुलाब धडधाकट होता, चांगला मुठीएवढा. मुलांनी "मामा, मामा" करून त्याला बसूही दिलं नाही. भाची त्याला चिकटून उभी होती. आज न्यायला आलोय, हे त्यानं तिला अजून सांगितलं नव्हतं. माझ्याकडे बघून त्यानं खुणेनंच 'खाणं झाल्यावर' असं दाखवलं.

मी केक टेबलावर ठेवला. कापून वाटावा आणि मोकळं व्हावं, असं ठरवलं होतं. रीती वगैरेंचा मला वीट आला होता. पण मुलगा ओरडला, "आई, सुरीवालं!" आणि माझा हात सवयीनं डाव्या टोकाला गेला.

सुरी निघाली. नखाएवढं झालं, दोन बोटं झालं. कुणी बोललं नाही. मी भाचीकडे बघायचं टाळलं. सुरी गुलाबाच्या अलीकडच्या पाकळीला टेकली, गुलाबावरून गेली. मुलाला गुलाब तर हवाच होता, शिवाय पलीकडचा आणखी थोडा केकही. मी त्याला ओळखते. तो ओठ चावत अजून जरासं थांबला. शेवटची पाकळी सुरीच्या डावीकडे आली, आणि,

"थांब."

भाची होती.

"ए, मी म्हणणारच होतो!" मुलगा म्हणाला.

"मी आदी म्हणले."

"गुलाब माझा असतो. आमच्या घरात गुलाब नेहमी मीच खातो."

मी तोंड उघडलं होतं, पण माझ्या भावानं माझं मनगट धरलं. भाचीनं मुलाकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते.

"मी बी हितंच ऱ्हाते," ती म्हणाली. "मी आदी म्हणले. दे."

मी कापलं. काप जरा वाकडा गेला आणि मुलीनं त्यावरही तक्रार केली. उरलेल्यात माझ्या मुलांसाठी सुरी पुन्हा सरकली, मुलीनं मोक्याला 'थांब' म्हटलं, मुलगा रुसून उरलेलं खाऊ लागला. एवढा गलका एरवी मला सहन होत नाही. त्या दिवशी तो थांबू नये असं वाटत होतं.

भावानं लेकीपुढं हात केला. "मला न्हाय का?"

ती विचारात पडली. मग गुलाबाखालचा साधा केक बोटानं तोडून तिनं त्याच्या तळहातावर ठेवला आणि ताटली स्वतःकडे ओढून घेतली. त्यानं तो खाल्ला आणि बराच वेळ बेसिनपाशी हात धूत उभा राहिला.

उन्हं उतरल्यावर तो एकटाच कळसला गेला.