हातावरचं नाव

अशोका गार्डनमधल्या एका फोटो स्टुडिओत मी सात वर्षं रिटचिंग करते आहे. फोटो मालक काढतात, माणसांना देखणं मी करते. या कामाचा मला इतका गर्व होता की नाकावर माशी बसू देत नसे. आता तो गर्व थोडा कमी आहे, आणि त्याचं कारण सांगायला मला अजूनही लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. स्थळासाठी फोटो हवा होता. मुलीनं मोरपंखी साडी नेसली होती, ब्लाउज कोपरापर्यंतचं. उजव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, एका मुलाचं नाव गोंदलेलं होतं. कॉलेजातला उद्योग. लेझरच्या दोन-तीन बैठका झाल्या होत्या, तरी हिरवट-निळी अक्षरं वाचता येत होती आणि त्यांच्याभोवतीची कातडी फिकट, चकाकती झाली होती.

मी म्हटलं, “काकू, पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घाला ना, काम संपलं.”

“नको गं. मग लोक विचारतात, हात का झाकला म्हणून. तू एकदम क्लीन करून दे.”

आई बायोडाटाच्या झेरॉक्स काढायला शेजारच्या दुकानात गेली. मुलगी माझ्या खुर्चीमागे उभी होती. हळूच म्हणाली, “ताई, फोटोतून काढा, आईचं समाधान होऊ दे. पण रविवारी मुलाकडचे लोक घरी येणार आहेत, तेव्हा मी मुलाला स्वतः सांगणार आहे. आधी कुठून कळलं तर मी लपवलं असं होईल. माझ्या तोंडून कळलं तर गोष्ट वेगळी.”

“मी कशाला सांगू कुणाला?” मी म्हटलं. आणि खरंच, सांगायचं माझ्या मनातही नव्हतं.

काम कठीण होतं. नवशिके अशा जागी सरळ ब्लर मारतात आणि हात प्लास्टिकच्या बाहुलीचा होतो. मी फोटोचे दोन थर वेगळे केले. एकात नुसता रंग आणि उजेड-सावली, दुसऱ्यात पोत, म्हणजे रंध्रं, बारीक रेषा, लव. रंगाच्या थरावर शेजारच्या कातडीचा रंग उचलून मऊ ब्रशनं अगदी हलक्या हातानं एकावर एक फिरवला, तेव्हा निळसर झाक मावळली. लेझरनं फिकट झालेला भाग आजूबाजूच्या रंगाला आणला. पण अक्षरांच्या कडा पोतातही उरल्या होत्या. तिथं कोपराच्या बाजूची, त्याच उजेडातली कातडी तुकड्या-तुकड्यानं आणून बसवली. प्रत्येक वेळी जागा बदलत, नाहीतर तेच ते ठिपके पुन्हा दिसतात आणि चोरी पकडली जाते. लव मनगटाकडे झुकलेली होती, ती तशीच झुकवली. शेवटी फोटो लहान करून पाहिला, मोठा करून पाहिला, मुद्दाम गडद करून डाग दिसतो का ते पाहिलं. काही दिसलं नाही. मनगटावरचा तीळ तेवढा ठेवला. डाग काढायचा, तीळ विचारल्याशिवाय काढायचा नाही, असा आमचा रिवाज आहे, कारण तिळावरून माणूस ओळखतात.

असं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. मग मी तेच केलं, जे आमच्या धंद्यात सगळे करतात. चेहरा कापून नुसता हात ठेवला, आधीचा आणि नंतरचा शेजारी-शेजारी लावला, आणि काउंटरवरच्या स्क्रीनवर नमुन्यांमध्ये टाकला. नुसत्या हातावरून कोण कुणाला ओळखणार, असं मला वाटलं.

शुक्रवारी एक बाई आल्या, इंदूरकडच्या मराठी घरातल्या. मुलाचा फोटो पेन ड्राइव्हवर आणला होता. गालांवर मुरुमांचे खोल खड्डे होते, ते बुजवायचे होते. “लडका है, इतना तो चलता है,” असं आधी मालकांना म्हणाल्या, मग मला, “पण फोटोत कशाला दिसू द्यायचं? रविवारी मुलगी बघायला जातोय, त्यांना फोटो पाठवायचाय.”

मी फाइल उघडत होते तेवढ्यात त्यांचं लक्ष काउंटरच्या स्क्रीनकडे गेलं. बराच वेळ त्या तिथेच पाहत राहिल्या. मग पर्समधून मोबाइल काढला, त्यावर एक फोटो मोठा केला. तीच मोरपंखी साडी, मनगटावर तीळ.

“ही तीच आहे का?” त्यांनी विचारलं.

“कुणाचा फोटो कुणाचा ते आम्ही सांगत नाही,” मी म्हटलं. इथपर्यंत मी ठीक होते.

त्यांनी पुन्हा मोबाइल पाहिला, बोटांनी आणखी मोठा केला, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. “नाही, दुसरीच कुणी असेल. हिचा हात तर जन्मापासून साफ दिसतोय. एवढं कुठे निघतं? रिटचिंग लगेच कळतं, मी काय पहिल्यांदा बघतेय?”

झालं होतं. मुलगी सुटली होती. मला फक्त ‘हो काकू’ म्हणायचं होतं. पण ‘रिटचिंग लगेच कळतं’ हे शब्द माझ्या डोक्यात गेले. चार तास मान मोडून केलेलं काम, आणि ही बाई म्हणते निघत नाही! मूळ फाइल उघडली, चेहऱ्यासकट, आणि थर दाखवायला-लपवायला त्याच्याशेजारी डोळ्याची खूण असते, तिच्यावर टिचकी मारली. नाव आलं. पुन्हा मारली, नाव गेलं. त्या बघत होत्या, आणि मला, खरं सांगते, मजा येत होती. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

“बरं झालं वेळेवर कळलं,” त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. “आता याचे खड्डे पण असेच काढ. कुणाला कळायला नको.” मी काढले. तेही सुरेख निघाले.

त्या गेल्यावर मी नमुना स्क्रीनवरून काढला. चूल विझल्यावर फुंकर मारण्यासारखंच ते.

मंगळवारी मायलेकी परत आल्या. रविवारी कुणी आलंच नव्हतं, हातावरचं नाव कळलं म्हणून नकाराचा नुसता फोन आला होता. आई दारातूनच बोलत आली. “हिनंच सांगितलं असणार कुणाला तरी! मैत्रिणींपुढे पोटात काही राहतं का हिच्या? मी एवढं करून ठेवते आणि ही आपल्या हातानं माती करते.” आणि सगळ्यांदेखत तिनं मुलीच्या त्याच हातावर चापट मारली.

मुलगी रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. त्या हाताबद्दल आधी कुठून कळायला नको, हे तिनं त्याच खोलीत मला एकटीला सांगितलं होतं. मी एक वाक्य बोलले असते तर निदान आईपुढे ती दोषी ठरली नसती. मालक काउंटरवर होते, माझी नोकरी होती, माझं नाव होतं. मी स्क्रीनकडे वळले.

“आता हातच नको फोटोत,” आई म्हणाली. “दुसरं स्थळ आलंय. नुसता चेहरा ठेव.”

मी फोटो उघडला, चौकट धरली. मुलीकडे न बघता विचारलं, “कोपरापासून कापू की खांद्यापासून?”

“खांद्यापासून,” मुलगी म्हणाली.

मी तसंच कापलं.