इंदूरच्या लॉजचं बिल

सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगची मशीनं बनत, आणि ती गिऱ्हाइकाकडे बिघडली की दुरुस्तीला अरसलान जाई. माणूस नाकासमोर चालणारा, पण हिशेबाला चिवट. दौऱ्यावर आधी स्वतःच्या खिशातून खर्च करायचा आणि मग बिलं लावून मागायचा, असा तिथला रिवाज. त्याचे इंदूरच्या दौऱ्याचे अठरा हजार अडकले होते आणि क्रेडिट कार्डवाले रोज फोन करत होते. फोन वाजला की त्याची बायको निलोफर काही बोलायची नाही, हेच त्याला जास्त लागायचं.

शेवटी त्याने अकाउंट्सच्या प्रतिभा मॅडमना रीतसर मेल लिहिला. दौऱ्याची मंजुरी, तिकिटं, लॉजचं बिल, सगळं तारखेवार जोडलं. रिक्षावाले कुठली पावती देतात? तिथे नियमाप्रमाणे स्वतःच्या सहीचं निवेदन लावलं. खाली प्रवास धोरणातली कलमं दिली: परतल्यावर पंधरा दिवसांत बिलं द्यावीत, ती दिली आहेत, बिलं दिल्यापासून तीस दिवसांत पैसे मिळावेत, ते मिळालेले नाहीत. प्रत एचआरलाही पाठवली.

दुसऱ्या दिवशी त्याचे साहेब, महेश, स्वतः चहा घेऊन त्याच्या टेबलाशी आले. ही गोष्ट कधी घडत नसे. 

"ते लॉजचं बिल तेवढं काढून घे," साहेब हसत म्हणाले. "बाकीचं उद्याच पास करतो."

"पण साहेब, एकाच खोलीत तर राहिलो होतो आपण दोघं. दोघांची नावं आहेत बिलावर."

साहेब कप तसाच टेबलावर ठेवून निघून गेले. तेव्हा कुठे अरसलानच्या डोक्यात प्रकाश पडला. साहेबांनी त्याच रात्रींसाठी वेगळ्या खोलीचं बिल लावून पैसे कधीच उचलले होते. मंजुरीला अडकलेला त्याचा अर्ज साहेबांच्याच टेबलावर पडून होता.

पाण्यात राहून माशाशी वैर नको, हे त्यालाही कळत होतं. पण लॉजचेच नऊ हजार होते, आणि ते खरे होते. त्याने बिल काढलं नाही. उलट उशीर झाल्यास फायनान्सच्या प्रमुखांना लिहावं, हे कलम दाखवून तोच मेल वर पाठवला.

मग सगळं गप्प झालं. ओरडलं कोणी नाही, की समजावलं कोणी नाही. राजकोटचा दौरा दुसऱ्यालाच मिळाला. कॅन्टीनमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. प्रतिभा मॅडम समोर दिसल्या की मान खाली घालायच्या. अरसलानला रात्री झोप लागेना, आणि भीती नेमकी कशाची, तेही सांगता येईना.

महिनाअखेरीला बँकेचा मेसेज आला. रक्कम बघून निलोफर कितीतरी दिवसांनी हसली. अठरा हजारांऐवजी लाखाच्या वर पैसे जमा झाले होते. अरसलानने लगेच प्रतिभा मॅडमना फोन लावला, काही चुकून जास्त आलंय का, असं विचारायला.



"चुकून नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा क्लेम पूर्ण पास झालाय. बाकीची उरलेल्या रजेची आणि नोटिशीच्या महिन्याच्या पगाराची रक्कम आहे. उद्यापासून येऊ नका."