चारशे चौदा नंबर

मी तापट आहे आणि वर स्वतःला शहाणा समजतो. यातलं एक असतं तर निभावलं असतं.

हाटकेशला एका गाळ्याच्या वर आमचं चार माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. खाली स्टीलच्या डब्यांना पॉलिश चालतं, त्यामुळे फोनवर बोलायचं तर जिन्यात जावं लागतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक काम आलं. भाईंदर पश्चिमेला बायकांसाठी एक समुपदेशन केंद्र आहे आणि जवळच एक धर्मादाय दवाखाना. दोघंही बायकांची विचारपूस करायला फोन करायचे. कधीकधी एकाच बाईला दोन्हीकडून फोन जायचा. आणि घरात बाईचा फोन दोनदा वाजला की सासू विचारणारच, कोणाचा गं? म्हणून दोघांकडे असलेल्या बायका कोण ते काढायचं होतं, म्हणजे त्यांना एकानेच फोन केला असता. पण केंद्राची यादी दवाखान्याला द्यायची नाही, दवाखान्याची केंद्राला नाही. केंद्रात कोण जातं हे बाहेर पडलं तर काही बायकांना घरी जेवायलासुद्धा मिळालं नसतं.

आधीच्या एका सॉफ्टवेअरवाल्याने सुचवलं होतं, प्रत्येक नंबरचा एक सांकेतिक आकडा करा आणि आकड्यांची यादी देऊन टाका. मी हसलोच. मोबाईल नंबर दहाच आकडी असतो. शक्य तेवढे सगळे नंबर त्याच रीतीने सांकेतिक करून जुळवून बघायला माझ्या लॅपटॉपला जेवणाची सुट्टी पुरते. हे मी दोन्ही संस्थांच्या मीटिंगमध्ये असं काही ऐकवलं की बिचाऱ्याचं नावच कटलं.

मग मी नीट पद्धत बसवली. समजा, दोघांकडे आपापलं गुप्त कुलूप आहे. दवाखाना आपल्या प्रत्येक नंबराला आपलं कुलूप लावून पाठवतो. केंद्र त्यावर आपलं लावून त्याच क्रमाने परत करतं. केंद्र आपले नंबर आपल्या कुलपात, क्रम पिसून पाठवतं आणि दवाखाना त्यावर आपलं चढवतो. गंमत अशी की कुलपं कोणत्याही क्रमाने लावा, दोन्ही लागल्यावर एकाच नंबराचं गाठोडं दोन्हीकडे सारखंच दिसतं. सारखी गाठोडी सापडली की आपल्यातले कोणते नंबर समोरच्याकडेही आहेत ते दवाखान्याला कळतं, आणि तेवढेच तो केंद्राला सांगतो. बाकीचे कोणाला कळत नाहीत. समोरून एकूण किती आले, तेवढं मात्र दिसतं.

केंद्राच्या मॅडम उत्तनच्या, पूर्वी नर्स होत्या. सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे माझी यादी कोणाला दिसायची न्हाय?"

"कोणालाच नाही, मॅडम. मलासुद्धा नाही."

छातीवर हात ठेवून सांगितलं मी. आणि ते खरंच होतं.

ज्या दिवशी प्रत्यक्ष चालवायचं होतं, त्या दिवशी दवाखान्यात यादी सांभाळणाऱ्या बाईंना कॉम्प्युटरची भीती वाटली, म्हणून त्यांच्या जागी मीच बसलो. त्या चहा सांगायला उठल्या. समोर चारशे बारा नंबरांची यादी होती. माझी धाकटी बहीण काशीगावला राहते. तीन-चार महिने ती माझ्याशी तुटक बोलत होती. "बरी आहेस ना?" म्हटलं की "हो रे दादा, बिझी आहे." मेहुण्याचा हात सुटतो असा मला संशय होता. मी सरळ तिला विचारायला हवं होतं. मी यादीच्या खाली तिचा नंबर टाकला.

कुलपं घट्ट होती. पण कुलपाखाली आपण काय ठेवलं ते कुलूप विचारत नाही. आपल्या यादीत एखादा नंबर उगाच घुसवला, तर तो पलीकडे आहे की नाही याचं उत्तर मिळतंच. मला हे ठाऊक होतं. दोघांना दिलेल्या सूचनांमध्ये मीच लिहिलं होतं, 'यादी खरीच वापरावी.'

बहिणीचा नंबर जुळला. मी तो निकालातून पुसला, बाकीचे बाईंना दिले आणि त्यांनी आणलेला चहा प्यायलो.

रविवारी काशीगावला गेलो. मेहुणा खाली गेला होता. ओट्याशी उभ्या असलेल्या बहिणीला म्हटलं, "त्या केंद्रात कशाला जातेस? भाऊ मेला का तुझा?"

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. "तुला कोणी सांगितलं?"

"कळतं मला."

तिने पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, ओशाळली असेल. काय ही अक्कल! ती घाबरली होती. माझ्यापर्यंत पोचलं म्हणजे नवऱ्यापर्यंतही पोचणार, असा तिने हिशेब केला.

दोन आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. मी जिन्यात गेलो.

"आमची एक बाई यायची बंद झालीय," त्या म्हणाल्या. "फोन पण ब्लॉक केलाय. शेवटचं बोलली ती हेच, की तुमच्याकडून नावं बाहेर जातात. कोण ते मी सांगणार न्हाय. पण तुमच्या त्या मशीनमधून काय गळतंय का, ते सांगा. दवाखान्याने मला चारशे बारा सांगितले होते. माझ्याकडे चारशे चौदा आले. मी लिहून ठेवलंय."

पद्धतीत दोष आहे असं मी सांगू शकलो असतो. त्यांना पटलंही असतं. दोन मिनिटं मी तेच वाक्य मनात जुळवत होतो, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मग खरं काय ते सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. "माझ्याकडे माफी मागून काय उपयोग हाय?" म्हणाल्या. "तिला जाऊन सांगा. आमच्याकडून गेलं न्हाय, एवढं तरी तिला कळू दे."

बहिणीला मी स्टेशनजवळच्या एका हॉटेलात भेटलो. सगळं सांगितलं. केंद्राने तोंड उघडलं नाही, मीच चोरून बघितलं, चारशे बाराचे चारशे चौदा झाले म्हणून मॅडमनी पकडलं, तू परत जा. ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "पण दादा, चारशे बाराचे चारशे चौदा कसे झाले? माझा तर एकच."

इथपर्यंत लिहिताना मीही तो दुसरा नंबर टाळला आहे. बहिणीचा टाकल्यावर माझा हात थांबला नाही. आदल्या आठवड्यात घरी मी ताट भिरकावलं होतं, आणि त्यानंतर बायको माझ्यासमोर फार जपून बोलत होती. मला बघायचं होतं, ती माझ्याबद्दल कुठे जाऊन सांगते का.

मी टेबलावरच्या बिलाची घडी घालायला लागलो. बहिणीला कळलं.

"वहिनीचा?"

मी मान डोलावली.

"जुळला?"

"नाही."

"आणि तुला बरं वाटलं."

वाटलं होतं. खरंच, फार बरं वाटलं होतं.

ती पर्स घेऊन उठली. "मी जाईन परत केंद्रात," म्हणाली. "वहिनीलाही घेऊन जाईन. ती येईल का ते मी विचारते तिला. तू विचारू नकोस."