पाच दिवसांचा नियम

तेलंगणातल्या आमच्या हनमकोंड्यात कुणाचे पैसे खात्यातून कापले गेले आणि काम झालं नाही, की लोक बँकेत जात नाहीत. आमच्या स्वरूपाकडे येतात. नईमनगरच्या रस्त्यावर तिचं नेट सेंटर आहे, शेजारी माझं शिलाईचं दुकान. मधे अर्ध्या विटेची भिंत, त्यामुळे तिच्याकडचं रडगाणं मला मशीनवर बसून फुकटात ऐकू येतं. सोलापुरातून लग्न होऊन इथे आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस मी ह्या बाईच्या शेजारी काढली.

स्वरूपा बारावी शिकलेली. नवरा गेल्यावर दोन कॉम्प्युटर घेऊन बसली. विजेचं बिल, जातीचा दाखला, परीक्षांचे फॉर्म, सगळं भरून देते. बोलायला फटकळ. माणूस घाबराघुबरा होऊन आला की आधी त्याला बाकावर बसवते, पाणी देते आणि विचारते, "पैसे उडाले म्हणतोस, मग पंख दाखव." मग त्याचा फोन घेऊन त्या व्यवहाराचा बारा आकडी नंबर शोधते आणि वहीत उतरवते. तो नंबर हाती असला की पैसा कुठे अडकलाय ते सापडतं, असं ती सांगते. नुसता स्क्रीनचा फोटो घेऊन येणाऱ्यांना ती हाकलून देते.

तिचं गणित आम्हाला सगळ्यांना पाठ झालंय. माणसाने माणसाला पाठवलेले पैसे मधेच अडकले, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानाला किंवा एखाद्या साइटला भरलेले असतील, तर पाच दिवस. तेवढ्यात ते समोरच्याला पोचतात, नाही तर आपोआप परत येतात. पाच दिवसांवर गेलं तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची. आधी अ‍ॅपमध्ये तक्रार, मग बँकेत, आणि महिनाभर कुणी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. एका रिक्षावाल्याला तिने अशी अकराशे रुपयांची भरपाई मिळवून दिली होती. त्याने पेढे आणले, तर ही म्हणाली, पुढच्या वेळी नंबर आण, पेढे नकोत.

आणि एक गोष्ट ती कुणालाही करू देत नसे. पुन्हा पैसे भरू देत नसे. फार पूर्वी एका म्हाताऱ्या शिक्षकाला तिने दुसऱ्यांदा भरायला सांगितलं होतं. दोन्ही वेळचे पैसे गेले, आणि ते परत येईपर्यंत तीन आठवडे त्याचा मुलगा रोज येऊन रस्त्यावर उभा राहून हिच्या नावाने ओरडायचा. तेव्हापासून तिने मनाशी गाठच बांधली.

कोमला आमच्याच गल्लीतली. सरकारी दवाखान्यात नर्स, पण कंत्राटावर. बारा वर्षं हातात निम्मा पगार, आणि दरवर्षी कंत्राट पुढे चालू राहील की नाही ह्याची धाकधूक. कायम नर्सची भरती निघाली ती चार वर्षांनी. कंत्राटी नोकरीच्या वर्षांचे जादा गुण मिळणार होते, म्हणजे हिला खरोखर आशा होती. शिवाय वयाच्या मर्यादेत बसायची तिची ही शेवटची वेळ होती. हे तिने आल्या आल्या सांगितलं. मीही ऐकलं.

फॉर्मची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ती बुधवारी दुपारी ड्युटी संपवून, गणवेशातच आली. दाखले मिळायला उशीर झाला होता. स्वरूपाने फॉर्म भरला, कोमलाने फोनवरून सातशे रुपये फी भरली. बँकेचा मेसेज आला, पैसे कापले गेले. साइटवर मात्र लाल अक्षरात, फी मिळालेली नाही.

स्वरूपाने नंबर उतरवला, तक्रार टाकली, पाणी दिलं. सगळं नेहमीसारखं. बँकेतून पैसे निघालेत, भरती मंडळाकडे पोचले नाहीत, संध्याकाळच्या हिशोबात लागतील, असं म्हणाली.

गुरुवारी दुपारी तीनला कोमला पुन्हा आली. ड्युटीतून तासभर सुट्टी मागून. साइटवर अजून लाल अक्षरंच. तिने पर्समधून पाचशेची एक आणि शंभराच्या दोन नोटा काढल्या. "अक्का, तुझ्या खात्यातून पुन्हा भर ना. गेले तर गेले सातशे."

"गेले तर गेले म्हणायला तू काय कलेक्टर आहेस?" स्वरूपाने तिची मूठ बंद केली. "तुझा फॉर्म त्यांच्याकडे आहे, नंबर माझ्याकडे आहे. दोनदा भरलंस तर दोन्ही लटकतील. पाच दिवस थांब."

कोमलाने माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते, तोंडात टाचण्या. त्या काढून मी म्हटलं, "स्वरूपा सांगते ते ऐक, तिला कळतं." एवढंच बोलले, पण बोलले. आज वाटतं, त्या टाचण्या तोंडात राहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाच वाजले. साइट बंद झाली.

शुक्रवारी मंडळाच्या फोनवर तास गेला, तेव्हा एका मुलीने सांगितलं की फी न मिळालेला अर्ज अपुरा धरला जातो. स्वरूपाने तो बारा आकडी नंबर तिला दोनदा वाचून दाखवला. मुलगी म्हणाली, मॅडम, तो तुमच्या आणि बँकेच्या मधला प्रश्न आहे, आमच्या सूचना वाचा. स्वरूपाने सूचना उघडल्या. चौदावी सूचना अशी होती की पैसे कापले जाऊनही फी जमा दिसत नसेल, तर उमेदवाराने मुदतीच्या आत पुन्हा भरावी, जास्तीची रक्कम परत केली जाईल. ही सूचना तिने इतर पोरींना मोठ्याने वाचून दाखवलेली मी स्वतः ऐकली होती. त्या दिवशी तिला ती आठवली नाही. तिला तो म्हाताऱ्या शिक्षकाचा मुलगा आठवला.

नंतरचे दोन दिवस ती मंडळाला, बँकेला, हैदराबादच्या कार्यालयाला अर्ज लिहीत होती. रविवारी दुकान उघडून बसली. गिऱ्हाइकाशी थट्टा नाही, काही नाही. मी सर्वपिंडी, म्हणजे इथलं तांदळाच्या पिठाचं थालीपीठ, करून नेली, ती तशीच झाकून ठेवली. मी रागावले. म्हटलं, "उपाशी राहून तारीख वाढते का?" ती मला वदिना, म्हणजे वहिनी, म्हणते. म्हणाली, "वदिना, पैशांचं चुकलं असतं तर मी ते भरून दिले असते. हे कशाने भरून देऊ?"

सोमवारी सकाळी कोमला आली. ड्युटीला निघाली होती, डबा हातात. तिने फोन पुढे केला. सातशे रुपये परत जमा.

"अक्का, आले बघ," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी. तू म्हणालीस तसंच झालं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच आभार मानायला आली होती. लोक स्वरूपाकडे पैसे परत मिळवायलाच यायचे, आणि कोमलाचे पैसे परत आले होते.

स्वरूपाने फोनकडे पाहिलं. मग वही ओढली, कोमलाच्या नावापुढे पैसे मिळाले असं लिहायची तिची सवय, पण पेन तसंच धरून बसली. "कोमला, तू नोटा काढल्या होत्यास. मी हात धरला नसता तर तुझा फॉर्म वेळेत पोचला असता."

डब्याची कडी कोमलाने एकदा उघडून पुन्हा लावली.

"हो," ती म्हणाली. "पण तू बरोबर होतीस गं. पैसे आले की." आणि बस चुकेल म्हणून निघाली, त्याच दवाखान्यात, त्याच कंत्राटावर.