निजवलेली काकडी कुणी शोधत नाही

मी पाककृती लिहिते. म्हणजे आता बोईसरच्या सरावलीत राहणाऱ्या बाईनं नवरा कारखान्यात गेल्यावर करावं असं काहीतरी, असं सासरी सगळ्यांना वाटतं. पालघरला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या संकेतस्थळाचं ऑफिस आहे. ऑफिस कसलं, दोन टेबलं आणि एक खडखडणारा पंखा. तिथे आमच्या संपादक मॅडम बसतात. लेख मी लिहायचा, शीर्षकावर शेवटचा हात त्यांचा, हे ठरलेलं आहे. त्यावरून आमचं वाजतंही.

वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, माझ्या डोंगराकडच्या माहेरी काकडीचा गोड पदार्थ होतो. पावसाळ्यात शेतात वाढून मोठी झालेली, पिवळी पडायला लागलेली काकडी. ती सोलायची, बिया काढायच्या, किसायची. त्यात गूळ, तांदळाचं जाडसर पीठ, चिमूटभर मीठ. मग पानात गुंडाळून वाफवायचं. गावात याला सावेल्या म्हणतात. आमच्या घरात मात्र कुणी कधीच सावेल्या म्हटलं नाही. आम्ही ‘निजवलेली काकडी’ म्हणायचो. लहानपणी आई किसाचा गोळा पानावर ठेवायची आणि आम्हा दोघी बहिणींना सांगायची, निजवा तिला, पांघरूण घाला. आम्ही पानाच्या कडा दुमडायचो. एवढंच. त्यात काव्य वगैरे काही नाही, पोरींना कामाला लावायची ती युक्ती होती.

माझी मोठी बहीण बरीच वर्षं झाली घर सोडून गेली. तारापूरच्या कारखान्यात कामाला आलेल्या एका उत्तरेकडच्या मुलाशी तिनं लग्न केलं आणि बाबांनी तिला दार बंद केलं. तिचा जुना नंबर लागत नाही. तिचा नवरा ज्या कंत्राटदाराकडे होता त्याचीही माणसं पांगली. बाबा गेले तेव्हा तिला कळवायला कुठलाच पत्ता नव्हता. आईनं तेव्हा डोळ्यातून टिपूस काढलं नाही, आणि त्यानंतर ती माझ्याकडे सरावलीला राहायला आली. पण मी या कामाला लागले आणि लोक फोनवर शोधून माझी पाककृती वाचतात हे तिला कळलं, तेव्हा तिच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली.

“तिला पीठ किती घालायचं ते ठावं नाय,” आई म्हणाली. “पानं आनायला तुमी दोघी जायच्या. पीठ मीच मिसळायची. आता तिला पोरं झाली असतील. वाघबारशीला पोरांना खायाला घालावंसं वाटंल, तवा ती शोधंल का नाय?”

“काय म्हणून शोधेल?”

“निजवलेली काकडी. दुसरं काय म्हनंल ती?”

मला हसू आलं. पण मी लिहायला बसले, कारण दुसरा काही मार्ग माझ्याकडेही नव्हता.

आईनं सुरुवात तोंडी सांगितली. मी ती जशीच्या तशी लिहून घेतली: ‘काकडी किसायची, पिळायची नाय. तिचं पानी तिच्यातच राहू द्यायचं. पीठ मागंल तेवढंच द्यायचं. मंग पानात निजवायची, पांघरून घालायचं, आनि शिजेपर्यंत उठवायची नाय.’ मी वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, हां, आता तिला कळंल कोन बोलतंय ते.

मॅडमनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “फार सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. त्यांनी सुंदर म्हटलं की लेख गेलाच समजायचा. “पण अगं, पहिल्या परिच्छेदात पदार्थाचं नावच नाही. हे काय आहे, गोड की तिखट, कशापासून, कोणत्या सणाचं, हे वाचणाऱ्याला दोन ओळींत कळायला हवं. नाहीतर तो परत मागे जातो. आणि शीर्षक? निजवलेली काकडी कोण शोधतं?”

माझी बहीण, असं मी म्हटलं नाही. त्या बाईला मी माझं घर उघडून दाखवणार नव्हते.

त्यांनी संगणकावर दाखवलं. शोधायच्या पेटीत ‘काकडी’ एवढं टाइप केलं की खाली लोकांचे शोध आपोआप येतात. काकडीचं धोंडस, काकडीचे पानगे, काकडीचं थालीपीठ. ‘निजवलेली’ टाइप केलं तर बाळाला झोपवायचे उपाय आले. धोंडस जास्त लोक शोधतात, म्हणून ते शीर्षकात घ्यावं असं मॅडमच्या मनात आलं होतं. मी तिथे अडून बसले. धोंडसात रवा असतो, ते भांड्यात भाजतात. धोंडस शोधत आलेली बाई पानात वाफवलेलं बघून शिव्या देईल आणि निघून जाईल. हे त्यांना पटलं. सावेल्या हा शब्द घ्यावा तर तो आमच्या पट्ट्याबाहेर कुणाला माहीत नाही, पण मजकुरात असू दे, म्हणाल्या. पानगे हा शब्द खोटा नव्हता. पानात केलेलं ते पानगे. आमच्या घरचा नव्हता, इतकंच.

शेवटी शीर्षक झालं: ‘काकडीचे पानगे: वाघबारशीची निजवलेली काकडी’. शोधणाऱ्यांचा शब्द आधी, घरचा शब्द मागे, कारण लांब शीर्षक फोनवर शेवटाकडूनच कापलं जातं. पहिला परिच्छेद मी चार वेळा लिहिला. आईचं सगळं ठेवावं तर पदार्थ कळत नाही, पदार्थ सांगावा तर आई दिसत नाही. अखेर असा झाला: ‘काकडीचे पानगे हा वाघबारशीला पालघरच्या डोंगरपट्ट्यात केला जाणारा गोड पदार्थ. पिकलेली काकडी, गूळ आणि तांदळाचं पीठ पानात गुंडाळून वाफवतात. गावात त्याला सावेल्या म्हणतात, आमच्या घरात निजवलेली काकडी. आई सांगायची, काकडी पिळायची नाही, पीठ मागेल तेवढंच द्यायचं, आणि शिजेपर्यंत तिला उठवायची नाही.’

आईला वाचून दाखवलं. ‘नाय’चं ‘नाही’ झालेलं तिच्या लगेच लक्षात आलं. मला त्या दिवशी मॅडमचा, संगणकाचा आणि पानगे म्हणणाऱ्या अख्ख्या महाराष्ट्राचा राग आला होता.

मापं काढायला मी दोनदा करून बघितलं. बाजारातली कोवळी काकडी नुसतं पाणी सोडते, तिचं काही होत नाही. सफाळ्याहून येणाऱ्या एका भाजीवालीला सांगून मोठी पिकलेली मागवली. रानातल्या वेलीची पानं बोईसरमध्ये कुठून आणणार, म्हणून केळीचं पान आचेवर धरून नरम केलं. आईचं ‘पीठ मागेल तेवढं’ मी वाटीत मोजलं. माझ्या बहिणीला हवं होतं ते नेमकं तेवढंच होतं, आणि ते आता लिहिलेलं होतं.

लेख सणाच्या बऱ्याच आधी टाकला, कारण शोधात दिसायला वेळ लागतो. आठवडाभरानं मी स्वतःच ‘काकडीचे पानगे’ शोधून पाहिलं. आमचा लेख आला होता. पण शोधाच्या पानावर शीर्षक नुसतं ‘काकडीचे पानगे’ एवढंच दिसत होतं. मागचा अर्धा भाग गायब. खाली दोन ओळी येतात त्यातही माझा परिच्छेद नव्हता, साहित्याची यादी होती. काकडी, गूळ, पीठ. मी धावत पालघर गाठलं. मॅडम म्हणाल्या, “होतं असं. आपण देतो ते शीर्षक ठेवायचंच असा शोध दाखवणाऱ्या कंपनीवर काही नियम नाही. शोधणाऱ्याच्या शब्दांना जे लागू वाटेल तेच ते लोक दाखवतात. कुणी तुझेच शब्द टाइप केले तर कदाचित तुझ्या ओळी दिसतीलही.”

मी तिथेच ‘निजवलेली काकडी’ टाइप केलं. आमचा लेख आला, आणि खाली माझी ओळही आली. घरी येऊन आईला दाखवलं. मग रोज सकाळी एकच प्रश्न सुरू झाला, “आली का?”

तिला मी सांगून बसले होते की लोक कोणते शब्द टाइप करून आपल्या लेखावर आले, त्याची यादी मॅडमना दिसते. ती यादी मी रोज मागवायचे. काकडीचे पानगे. पानगे कसे करायचे. काकडीचा गोड पदार्थ. वाघबारस नैवेद्य. वाघबारस जवळ आली तशी माणसं वाढली. मॅडम खूष. आमचा शब्द त्या यादीत एकदाही आला नाही.

वाघबारस होऊन गेली. आई त्या दिवशी काही शिजवायला उठली नाही. मी केलेले पानगे तिनं तोंडात घातले आणि म्हणाली, “बरं झालंय.” बास.

मग एक दिवस मी मॅडमना सगळं सांगितलं. का ते मलाच माहीत नाही, कदाचित थकले होते. त्या ऐकत राहिल्या, आणि मग अवघडून म्हणाल्या, “मीच तुला हे आधी सांगायला हवं होतं. एखादा शोध अगदी मोजक्या माणसांनी केला असेल तर तो या यादीत येतच नाही. माणूस ओळखू येऊ नये म्हणून तो झाकून ठेवतात. एकट्या तुझ्या बहिणीनं शोधलं असेल, तर ते आपल्याला कधीच दिसणार नाही.”

म्हणजे इतके दिवस आम्ही जिथे टक लावून बसलो होतो, तिथे ती दिसणं शक्यच नव्हतं. शब्द आमच्या घरापुरता होता म्हणूनच.

घरी येऊन मी आईला जसं कळेल तसं सांगितलं. वाटलं, रडेल, किंवा माझ्यावर ओरडेल. तिनं विचारलं, “मंग यादीत पहिला शब्द कोनता येतो?”

“काकडीचे पानगे.”

भिंतीकडे बघत ती म्हणाली, “इतकी वर्सं परक्यांत राहून ती आता तेच म्हनत असंल. पोरांना आपला शब्द कुठं सांगनार? लोकांत रायलं की लोकांचाच शब्द तोंडात येतो.” मग म्हणाली, “आपला काढून टाक. उगाच कशाला?”

मी काढला नाही. मॅडमनी काढला, पुढच्या दिवाळीच्या आधी, शीर्षक आटोपशीर हवं म्हणून. मी अडवलं नाही. बहीण आली असेल तर पानगे शोधत आली असेल, यादीच्या त्या पहिल्या ओळीतल्या सगळ्या अनोळखी बायांमध्ये मिसळून. पीठ किती घालायचं ते बघून गेली असेल. आई आता विचारत नाही.